इनपेंटिंग: फोटोत नवी वस्तू बसवताना उजेड, पोत आणि दृष्टिकोन कसे जुळवावेत

फोटोतील ठरावीक भागावर मास्क रंगवून तेवढाच भाग चित्रे तयार करणाऱ्या एआय मॉडेलकडून नव्याने काढून घेणे, म्हणजे इनपेंटिंग. नवख्या माणसाला ते जमले असे वाटते, पण फोटो पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, आणि बहुतेक वेळा खटकण्याचे कारण वस्तू स्वतः नसते. सावली दुसऱ्याच बाजूला पडलेली असते, कडा अधांतरी असतात, किंवा वस्तूचे तोंड जरा जास्तच वरून पाहिल्यासारखे दिसते. या तिन्ही गोष्टी `Generate` हे बटण दाबण्याआधीच मोठ्या प्रमाणात ठरलेल्या असतात, आणि म्हणून या लेखात बटण दाबण्यापूर्वीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे. उजेड आणि आकार आपण हाताने ठरवावेत आणि मॉडेलकडून केवळ पोत काढून घ्यावा, ही नवख्यांसाठी सर्वांत भरवशाची पद्धत आहे असे माझे मत आहे.

साधने दोनच लागतात. चित्रकामासाठी क्रिता हा मोफत प्रोग्राम घेऊ, आणि इनपेंटिंगसाठी `stable-diffusion-webui` या प्रोग्राममधील `img2img` या टॅबखालचा `Inpaint upload` हा विभाग. मॉडेल म्हणून `sd-v1-5-inpainting` वापरावे. साध्या मॉडेलला केवळ यादृच्छिक कण म्हणजे नॉइज मिसळलेले चित्र मिळते, तर या मॉडेलला त्याच्या जोडीला मास्क कुठे आहे हे आणि मास्कबाहेरचा मूळ फोटो असे दोन्ही वेगळे पुरवले जाते. त्यामुळे कडेला फरशीची रेघ जोडणे किंवा भिंतीचा रंग पुढे चालू ठेवणे त्याला अधिक चांगले साधते.

उदाहरणादाखल एक फोटो धरू. घराच्या पडवीत शहाबादी फरशी आहे, सकाळी दहाच्या सुमाराचे ऊन डावीकडून येत आहे, आणि फरशीवर निळी प्लास्टिकची बादली ठेवलेली आहे. फोटो झोपाळ्यावर बसून काढला आहे, म्हणजे कॅमेरा जमिनीपासून साधारण ८७ सेंटिमीटरवर आहे. आपल्याला बादली काढून त्या जागी मातीने भरलेली, पण अजून रोप न लावलेली कुंडी ठेवायची आहे. पहिल्या सरावाला पाने नसलेली कुंडी मुद्दाम निवडली आहे, कारण पानांच्या कडा आणि त्यांच्या सावल्या सांभाळणे हे स्वतंत्र काम आहे. मूळ फोटो ३०७२ × २०४८ पिक्सेलचा आहे; कामासाठी त्याची १५३६ × १०२४ ही निम्म्या मापाची प्रत करून घ्यावी. हे माप का घ्यायचे, ते पुढे मास्कच्या हिशेबात कळेल.

आधी मोजमाप

बादली काढून टाकण्याची घाई करू नये. ती त्या जागेवरची आपली मोजपट्टी आहे, आणि एकदा पुसली की तिच्याकडून मिळणारी माहितीही जाते.

पहिले काम क्षितिजरेषा शोधण्याचे. शहाबादी फरश्यांमधल्या सांध्यांच्या ज्या रेघा, म्हणजे दर्जा, आपल्यापासून दूर जातात, त्यांपैकी दोन दर्जांवर सरळ रेषा ओढाव्यात आणि त्या एकमेकींना मिळेपर्यंत वाढवाव्यात. जिथे त्या मिळतात तिथून आडवी रेषा काढली की ती कॅमेऱ्याच्या उंचीची रेषा झाली. आपल्या फोटोत ती वरून ३३० पिक्सेलवर येते. बादलीचा तळ वरून ८१० पिक्सेलवर आहे, म्हणजे त्या जागी तळापासून क्षितिजरेषेपर्यंत ४८० पिक्सेल भरतात आणि ते कॅमेऱ्याच्या ८७ सेंटिमीटर उंचीइतके आहेत. यावरून त्या जागेवर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेपाच पिक्सेल हे माप मिळते. कुंडी २४ सेंटिमीटर उंच आणि तोंडाशी २७ सेंटिमीटर रुंद हवी असेल, तर ती फोटोत सुमारे १३२ पिक्सेल उंच आणि १५० पिक्सेल रुंद काढावी लागेल. कुंडी खेळण्यातल्यासारखी किंवा रांजणासारखी दिसण्याचा दोष या एका हिशेबाने टळतो.

दुसरे माप तोंडाच्या लंबवर्तुळाचे. गोल तोंड क्षितिजरेषेवर असेल तर ते केवळ एक रेघ दिसते, आणि रेषेपासून जसजसे खाली जावे तसतसे ते अधिकाधिक उघडत जाते. बादलीचे तोंड क्षितिजरेषेच्या २९० पिक्सेल खाली आहे. त्याची रुंदी १६० आणि उभी जाडी ४२ पिक्सेल भरते, म्हणजे प्रमाण सुमारे ०.२६. कुंडी बुटकी असल्यामुळे तिचे तोंड ३४८ पिक्सेल खाली येईल. हे प्रमाण अंतराच्या हिशेबाने वाढते असे धरले, तर ते ०.३१ होते, आणि १५० पिक्सेल रुंद तोंडाची जाडी ४७ पिक्सेल येते. हा हिशेब अगदी काटेकोर नाही, पण फोटोच्या मधल्या भागात तो पुरेसा बरोबर येतो. मॉडेलने पाहिलेल्या कुंड्यांच्या फोटोंत अनेक कुंड्या जवळून आणि वरून टिपलेल्या असाव्यात, असे त्याने काढलेल्या तोंडांवरून वाटते. मोकळे सोडले की ते तोंड हमखास जास्त उघडे काढते. कुंडी सुंदर असूनही फरशीवर टेकलेली वाटत नाही, ती बहुतेक यामुळेच.

तिसरे काम उजेड वाचण्याचे. बादलीची सावली उजवीकडे आणि किंचित आपल्या दिशेने पडली आहे आणि तळापासून १४० पिक्सेल लांब आहे. बादली ३५ सेंटिमीटरच्या आसपास दिसली, तरी उंचीही त्याच साडेपाच पिक्सेलच्या मापाने काढावी, म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी राहते. तळापासून तोंडापर्यंतच्या १९० पिक्सेलचे ३४–३५ सेंटिमीटर होतात. कुंडीची उंची त्याच्या सुमारे ०.७ पट असल्यामुळे तिची सावली त्याच दिशेला साधारण ९८ ते १०० पिक्सेल लांब हवी. सावलीची कड किती तीक्ष्ण आहे हेही पाहावे. आकाशात सूर्याचा व्यास सुमारे अर्धा अंश दिसतो, त्यामुळे वस्तूपासून ३० सेंटिमीटर दूर पडलेल्या सावलीची कड जेमतेम तीन मिलिमीटर विरते. आपल्या मापात ते दोन पिक्सेलसुद्धा नाही. म्हणजे थेट उन्हातील कुंडीची सावली जवळपास चाकूने कापल्यासारखी असली पाहिजे. मॉडेलने मऊ, ढगाळ सावली दिली तर ती कितीही मोहक असली तरी या फोटोत ती चूक आहे.

शेवटी रंग टिपून घ्यावेत. रंग उचलण्याच्या साधनाने उन्हातील फरशी १६८, १६०, १४६ अशी येते आणि बादलीच्या सावलीतील फरशी ७४, ७८, ८६ अशी. सावली नुसती काळसर नसून निळसर आहे, हे या आकड्यांत दिसते. ऊन अडले तरी मोकळ्या आकाशाचा निळा उजेड तिथे पोहोचतोच. सावलीचा प्रत्येक आकडा उन्हातील आकड्याने भागून २५५ ने गुणला की ११२, १२४, १५० हा रंग मिळतो. हा रंग लिहून ठेवावा, लवकरच लागणार आहे.

जुनी वस्तू आणि तिची सावली काढणे

आता बादली काढावी, आणि तिच्यासोबत तिची सावलीही. नवशिक्यांच्या कामात सर्वाधिक आढळणारा दोष इथेच जन्मतो: मास्क फक्त बादलीवर काढला जातो, सावली बाहेर राहते, आणि मग मॉडेल त्या उरलेल्या सावलीशी जुळेल अशी उंच, बादलीसारखीच वस्तू पुन्हा पुन्हा काढत राहते. बादलीचा निळा रंग शेजारच्या भिंतीवर पडला असेल तर तोही याच वेळी पुसावा.

फरशीसारख्या पृष्ठभागावर हे काम मी मॉडेलकडे देत नाही. क्रितातील क्लोन ब्रशने शेजारची उन्हातील फरशी उचलून भरावी, आणि उचलताना क्षितिजरेषेपासून तेवढ्याच खाली असलेली जागा निवडावी, म्हणजे दगडाचे कण आणि दर्जांची जाडी योग्य मापात येते. तुटलेल्या दर्जा आधी सरळ रेषांनी जोडून घ्याव्यात आणि मगच मधला भाग भरावा. कुंडीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर मेहनत घेण्याची गरज नाही, पण जुन्या सावलीचा जो भाग नव्या सावलीच्या बाहेर उघडा पडणार आहे, तो नीट झाला पाहिजे.

हाताने कच्ची कुंडी रंगवणे

स्वच्छ फरशीवर नवीन लेयर घेऊन कुंडी ओबडधोबड रंगवावी. चित्रकला येत नसली तरी अडत नाही, कारण इथे रेखाटनाचे कौशल्य नको आहे, फक्त पाच-सहा रंगछटा योग्य जागी हव्या आहेत. १५० × ४७ चे लंबवर्तुळ तोंडासाठी काढावे. तळासाठीचे लंबवर्तुळ लहान असेल, पण क्षितिजरेषेपासून अधिक खाली असल्याने प्रमाणात अधिक उघडे असेल, ०.४ च्या आसपासचे प्रमाण ठीक. दोन्ही बाजूंनी जोडून अंग विटकरी रंगाने भरावे. डाव्या बाजूला उन्हाचा उजळ पट्टा, मध्ये मूळ रंग, उजवीकडे गडद भाग, आणि अगदी उजव्या कडेला फरशीवरून परावर्तित झालेल्या उजेडाची पुसट उजळ रेघ द्यावी. तोंडाच्या आत उलटे होते: डावी कड ऊन अडवते, म्हणून आतली डावी बाजू आणि तिथली माती गडद, तर आतली उजवी बाजू उजळ. हा एक तपशील मॉडेल स्वतःहून अनेकदा चुकवते, पण रंगवून दिला तर पाळते.

सावलीसाठी वेगळा लेयर घ्यावा, त्याचा ब्लेंडिंग मोड `Multiply` ठेवावा आणि मघाशी काढलेल्या ११२, १२४, १५० या रंगाने सावलीचा आकार भरावा. खालचे दगडाचे कण आणि दर्जा त्यातून दिसत राहतात, आणि सावलीचा रंग फोटोतील इतर सावल्यांशी आपोआप जुळतो. काळ्या रंगाची पारदर्शकता कमी करून केलेली सावली मात्र मळकट दिसते. सर्वांत शेवटी, कुंडीचा तळ फरशीला जिथे टेकतो तिथे उजव्या बाजूने दोन-तीन पिक्सेल जाडीची अधिक गडद रेघ द्यावी. तिथे आकाशाचा उजेडही पोहोचत नाही, आणि ही बारीक रेघ नसली की वस्तू तरंगते.

मास्क आणि मॉडेलला दिसणारा परिसर

मास्क म्हणजे फोटोच्याच मापाची काळी प्रतिमा, जिच्यावर बदलायचा भाग पांढरा असतो. त्यात कुंडी, तिची पूर्ण सावली आणि चहूबाजूंनी सुमारे २० पिक्सेलची मोकळी फरशी घ्यावी. मास्क कुंडीच्या कडेला अगदी घट्ट काढला तर मॉडेलला कड थोडी आत-बाहेर करायला वाव राहत नाही आणि वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. आपला पांढरा भाग साधारण ३०० × २२० पिक्सेलच्या चौकटीत बसेल.

आता `Inpaint area` या पर्यायाकडे यावे. `Whole picture` निवडले तर सगळा फोटो ठरवलेल्या मापापर्यंत, समजा ५१२ पिक्सेल रुंदीपर्यंत, लहान होतो. आपली १३२ पिक्सेलची कुंडी मग ५० पिक्सेलच्या आत येते; त्यात हे मॉडेल प्रत्यक्ष चित्रावर नव्हे तर आठपट लहान केलेल्या रूपावर काम करते, म्हणजे कुंडीच्या उंचीला जेमतेम पाच-सहा घरे उरतात. तेवढ्यात मातीचा पोत मावणे शक्य नाही. `Only masked` निवडले तर मास्कभोवतीचा तुकडाच कापून घेतला जातो, मोठा किंवा लहान करून त्यावर काम होते आणि तो जागेवर परत बसवला जातो.

पण या पर्यायाची किंमत अशी की मॉडेलला तुकड्याबाहेरचे काहीच दिसत नाही. `Only masked padding, pixels` हा आकडा मुळात ३२ असतो, आणि तेवढ्यात कुंडीभोवती फरशीची एक दर्जही पूर्ण दिसेलच असे नाही. मग दृष्टिकोन आणि उजेड मॉडेलने कशावरून ओळखावा? तो १०० केला की ३०० × २२० चा भाग ५०० × ४२० होतो, आणि चौरस मापासाठी वाढवून ५०० × ५००. हे मॉडेल ५१२ पिक्सेलच्या चित्रांवर शिकलेले आहे, त्यामुळे तुकडा जवळजवळ एकास एक मापात त्याच्यापुढे जातो. कामाची प्रत १५३६ पिक्सेलची घेतली ती याचसाठी. आपल्या फोटोत वस्तूचे माप वेगळे असेल तर हाच हिशेब उलटा करावा आणि फोटोची प्रत त्यानुसार लहान-मोठी करावी.

चालवणे आणि निकाल वाचणे

सुरुवातीची मांडणी अशी ठेवावी:

```
Masked content: original
Inpaint area: Only masked
Only masked padding, pixels: 100
Mask blur: 6
Width: 512   Height: 512
Sampling steps: 30
CFG Scale: 6
Denoising strength: 0.6
Batch count: 4
```

`Masked content` मध्ये `original` निवडल्यामुळेच आपण रंगवलेली कच्ची कुंडी पाया म्हणून वापरली जाते. वर्णन लिहिताना फक्त त्या ५०० पिक्सेलच्या तुकड्यात जे आहे तेच लिहावे. पडवी, झोपाळा, घर असे शब्द घातले तर मॉडेल त्या तुकड्यातच छोटी पडवी काढू पाहते.

```
terracotta flower pot filled with dry soil, on grey stone floor, direct sunlight from left, hard shadow on the right, photo
```

सर्व निकाल `Denoising strength` या एका आकड्यावर फिरतो; मास्कखालचे चित्र किती बदलायचे हे तो ठरवतो. ०.४ च्या खाली ब्रशचे फटकारे तसेच राहतात आणि कुंडी रंगवलेली दिसते. ०.५५ ते ०.६५ मध्ये मातीचे कण, कडेचे टवके, ओलीचे डाग येऊ लागतात आणि आपला उजेड टिकतो. ०.८ च्या पुढे गेले की कुंडी आकार बदलते, तोंड जास्त उघडते आणि ऊन समोरून आल्यासारखे सपाट होते. ही पायरी समजून घेण्यासाठी सुरुवातीचा नॉइज ठरवणारा `Seed` हा एक ठरावीक आकडा ठेवून फक्त `Denoising strength` बदलत जावा; दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. कुंडी चांगली पण सावली बिघडलेली असा निकाल आला, तर तो टाकून देऊ नये. क्रितात दोन लेयर एकावर एक ठेवून सावलीपुरती आपली हाताने केलेली सावली परत आणावी.

ज्यांनी बादली न पुसता थेट तिच्यावरच मास्क काढून पाहिले असेल, त्यांना विटकरी कुंडीवर निळसर झाक दिसली असेल. `original` मध्ये मास्कखालचे जुने रंग पायात उतरतात, म्हणून तसे होते.

पोत जुळवणे

मिळालेला भाग २०० टक्के मोठा करून शेजारच्या फरशीशी ताडून पाहावा. फोनच्या फोटोत बारीक कणकण असते, आणि मॉडेलने काढलेला भाग त्यामानाने गुळगुळीत असतो. नजरेला शंका असेल तर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर वर ठेवून कॉन्ट्रास्ट खूप वाढवावा. मास्कचा आकार डागासारखा उठून दिसला, तर पोत किंवा रंग जुळलेला नाही. मग फक्त त्या भागावर नॉइज फिल्टर वापरावे आणि तो कण अर्ध्या ते पाऊण पिक्सेलने धूसर करावा, कारण फोनमधील प्रक्रियेतून गेलेले कण कधीच एका पिक्सेलइतके टोकदार राहत नाहीत. तीक्ष्णता जुळवताना कुंडीची कड त्याच अंतरावरील फरशीच्या दर्जेशी ताडावी. दूरच्या भिंतीशी ताडली तर फसगत होते.

यानंतर निम्म्या मापाच्या प्रतीतील कुंडी, तिची सावली आणि बादली पुसून भरलेली जागा एवढाच भाग उचलून, दुप्पट करून मूळ ३०७२ पिक्सेलच्या फोटोवर लेयर मास्कसह बसवावा. संपूर्ण प्रत मोठी करून वापरल्यास उरलेल्या फोटोची तीक्ष्णता विनाकारण जाते. दुप्पट केल्यावर कुंडी किंचित मऊ दिसेल, म्हणून कण मिसळण्याचे काम खरे तर या मोठ्या मापावर पुन्हा एकदा, थोड्या हाताने, करावे लागते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. फरशी ओली किंवा पॉलिश केलेली असेल तर कुंडीचे प्रतिबिंब वेगळे रंगवावे लागते, आणि मॉडेल ते सहसा चुकीच्या लांबीचे काढते. खिडकीच्या गजांची सावली वस्तूवरून जात असेल तर ती वस्तूच्या गोलाईवर वाकली पाहिजे. मॉडेल ती सरळच ठेवते किंवा पुसून टाकते, म्हणून ती शेवटी `Multiply` लेयरवर हाताने द्यावी. तांब्या-पितळेच्या भांड्यात सगळी पडवी प्रतिबिंबित होते, आणि ५०० पिक्सेलचा तुकडा पाहणाऱ्या मॉडेलला ती पडवी ठाऊक नसते. अशा भांड्यासाठी जवळचे दार, खांब आणि उजेडाची चौकट आधीच कच्च्या रंगात भांड्यावर उमटवून द्यावी आणि `Denoising strength` ०.४५ च्या आसपास ठेवावा.

शेवटची तपासणी फोटो आडवा उलटवून आणि मग कृष्णधवल करून करावी. उलटवल्यावर कुंडीचे तोंड कलले असेल तर लगेच लक्षात येते, आणि रंग काढून घेतल्यावर कुंडीची उन्हातील बाजू पडवीतील इतर उजळ भागांपेक्षा जास्त उजळ झाली आहे का, हे स्पष्ट दिसते. ती जास्त उजळ असेल तर पुन्हा इनपेंटिंग करण्याची गरज नसते; कुंडीच्या लेयरचा उजेड कर्व्ह्जने खाली आणला की पुरते.